पंचेचाळिसांत एक

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात पन्नाशीचे एक गृहस्थ कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट टेबलावर ठेवून विचारतात, "डॉक्टरसाहेब, या गोळीनं अटॅकचा धोका तीस टक्क्यांनी कमी होतो म्हणतात, ते खरं काय?" उत्तर देण्याआधी डॉक्टर कागदावर चार आकडे मांडतात.

हे आकडे पश्चिम स्कॉटलंडमधल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे आहेत. पूर्वी हार्ट अटॅक न आलेल्या, पण कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांपैकी ३,३०२ जणांना प्रवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध आणि ३,२९३ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देऊन त्यांच्यावर सरासरी ४.९ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. औषध घेणाऱ्यांपैकी १७४, तर दुसऱ्या गटातील २४८ जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला.

प्रत्येक गटातील रुग्णांच्या संख्येने भागले की जोखीम मिळते: ५.२७ टक्के आणि ७.५३ टक्के. पहिलीला दुसरीने भागले की सापेक्ष जोखीम ०.७० येते, तीस टक्क्यांचा दावा इथून निघतो आणि तो खोटा नाही. मात्र भागाकाराऐवजी वजाबाकी केली, तर फरक २.२६ टक्क्यांचाच उरतो. ही निरपेक्ष घट. शंभराला २.२६ ने भागल्यावर ४४.२ येतात आणि प्रथेप्रमाणे ते पुढच्या पूर्णांकावर, ४५ वर नेतात. हा झाला एनएनटी, म्हणजे एकाचा अटॅक टळावा म्हणून किती जणांवर उपचार करावे लागतात तो आकडा.

या पंचेचाळीस जणांचे काय होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाच वर्षांत त्यांपैकी सुमारे बेचाळीस जणांना गोळी न घेताही अटॅक आला नसता, दोघांना घेऊनही येतो आणि एकाचा टळतो. तो एक कोण, हे तक्ता सांगत नाही. "पाच वर्षांत" हे शब्द गाळले, तर पंचेचाळीस या आकड्याला अर्थच राहत नाही.

आता १९९४ सालची स्कँडिनेव्हियातील सिम्वास्टॅटिन या त्याच प्रकारच्या औषधाची चाचणी पाहू. तिच्यातल्या रुग्णांना आधीपासूनच हृदयविकार होता. हृदयाच्या गंभीर घटना औषध गटात २,२२१ पैकी ४३१ जणांत, तर दुसऱ्या गटात २,२२३ पैकी ६२२ जणांत घडल्या. मोजलेल्या घटनांची व्याख्या थोडी वेगळी आणि काळ जरा जास्त असला, तरी सापेक्ष जोखीम जवळजवळ तीच, ०.६९ येते, एनएनटी मात्र १२ वर उतरतो, कारण मुळातली जोखीमच २८ टक्के होती.

म्हणून डॉक्टर त्या गृहस्थांचे रक्तदाब, साखर आणि तंबाखू विचारून त्यांची स्वतःची जोखीम आधी ठरवतात. ती पाच वर्षांत ४ टक्के निघाली, तर तीस टक्क्यांच्या हिशेबाने घट १.२ टक्के आणि त्यांच्यासारख्यांसाठी एनएनटी ८४ येतो. हाच आकडा डॉक्टर रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून देतात, शेजारी "५ वर्षे" असे नोंदवून.