अकरा अक्षरांचा पत्ता

मंडळी, ओटीपी आपोआप भरावा म्हणून ॲपने `READ_SMS` परवानगी मागायची, ही पद्धत मला मुळातच पटत नाही. सहा आकडे हवेत आणि त्यासाठी माणसाची सगळी पत्रपेटी उघडायची? त्यात घरची भांडणं असतात, दवाखान्याचे निरोप असतात.

त्याऐवजी मी वापरतो ते अँड्रॉइडवरचं एसएमएस रिट्रीव्हर एपीआय. त्यात पेटी उघडतं ते गूगल प्ले सर्व्हिसेस. ॲपने `startSmsRetriever()` म्हटलं की ते पाच मिनिटं वाट पाहतं, आणि ज्या मेसेजवर त्या ॲपचा पत्ता असेल तेवढाच ॲपच्या हाती देतं. पत्ता म्हणजे अकरा अक्षरांचा हॅश:

```
तुमचा कोड 482913
kR7+dQ2xVb9
```

आता माझे दोन दिवस कुठे गेले ते ऐका. माझ्या फोनवर सगळं बिनचूक चालत होतं. ॲप प्ले स्टोअरवर गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या: मेसेज येतो, पण रकाना रिकामाच राहतो. मी सर्व्हर तपासला, मेसेज 140 बाइटच्या आत आहे का ते मोजलं, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीशी वाद घातला. शेवटी स्टोअरवरून उतरवलेलं ॲप लावून लॉग उघडला आणि बसून राहिलो. बरोबर पाच मिनिटांनी `TIMEOUT` आला. म्हणजे प्ले सर्व्हिसेसचा निरोप घेणारा ॲपमधला रिसीव्हर जिवंत होता, पत्ता चुकीचा होता! हा हॅश पॅकेजचं नाव आणि सही करणारं सर्टिफिकेट यांच्यापासून बनतो. माझ्या मशीनवर सही डीबग कीची होती. प्ले ॲप सायनिंगमध्ये मात्र शेवटची सही गूगलकडच्या कीने होते, आपल्या अपलोड कीने नव्हे. प्ले कन्सोलमधून ते सर्टिफिकेट घेतलं, नवा हॅश काढला, सर्व्हरवर बदलला आणि रकाना भरू लागला.

ही खूण लक्षात ठेवा. मेसेज आला, तरी `TIMEOUT` येतो, तर आधी हॅश बघा. `TIMEOUT`सुद्धा येत नसेल, तर रिसीव्हरची नोंदणी बघा. टार्गेट एपीआय 34 पासून तो `RECEIVER_EXPORTED` म्हणून नोंदवावा लागतो, आणि त्याला `SmsRetriever.SEND_PERMISSION` लावा, म्हणजे दुसरं ॲप खोटा मेसेज त्यात ढकलू शकणार नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. सुरक्षेचं बोलायचं कबूल केलं होतं, ते भरभर सांगतो.

हॅश गुप्त नाही, त्यामुळे तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो ॲपकडून सर्व्हरला पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. समजा, तुमच्या फोनवर एक लबाड ॲप आहे. ते तुमचा नंबर आणि स्वतःचा हॅश सर्व्हरला देतं. सर्व्हरने तो मुकाट्याने मेसेजला जोडला, तर प्ले सर्व्हिसेस तुमचा ओटीपी इमानदारीने त्याच लबाडाच्या हाती देईल. तुम्हाला एकही परवानगी विचारली जाणार नाही. म्हणून हॅश सर्व्हरवरच पक्का लिहून ठेवा.

आणि मेसेजचा मजकूर तुमच्या हातात नसेल, हॅश जोडताच येत नसेल, तर यूझर कन्सेंट एपीआय घ्या. त्यात तो एकच मेसेज दाखवून माणसाला विचारलं जातं, आणि त्याने हो म्हटलं तरच ॲपला मिळतो.