25 ते 29: स्थळाच्या अर्जातलं वयाचं गणित

गेली कित्येक वर्षं मी वधू-वर सूचक मंडळाचं काम करते. आमच्या अर्जात ‘जोडीदाराविषयी अपेक्षा’ असा रकाना असतो. वयाची ओळ आली की मुलं सहसा आईकडे बघतात, म्हणून आज मी आईवडिलांशीच बोलणार आहे.

एक स्थळ घेऊ. मुलगा 33 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. मुलगी 4 ते 8 वर्षांनी लहान हवी, म्हणजे 25 ते 29. आईला वाटतं, भरपूर स्थळं येतील. पण मुलींच्या अर्जातही हाच रकाना असतो, आणि आमच्याकडे बहुतेकींनी मुलगा फार तर 4 वर्षांनी मोठा चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणजे 25 च्या मुलीला 29 पर्यंतचा चालतो, 27 च्या मुलीला 31 पर्यंतचा. 33 चा मुलगा बसतो तो फक्त 29 च्या मुलीच्या अपेक्षेत. पुढच्या वाढदिवसाला तो 34 चा होतो, अर्जावर 25 ते 29 तसंच राहतं, आणि मग तीही उरत नाही. ‘वर्षभर एकही फोन नाही’ म्हणत लोक येतात, तेव्हा मी पत्रिकेच्या आधी ही ओळ वाचते.

या मुलाच्या आईला मी विचारलं, निदान चार वर्षांचं अंतर कशासाठी? त्या म्हणाल्या, “आमच्यात सहा वर्षांचं आहे, आमचं छान चाललंय.” त्यांचं लग्न विसाव्या वर्षी झालं. नोकरी लागून स्थिरावेपर्यंत नवरा 26 वर्षांचा झाला होता, म्हणून ते अंतर पडलं. आज मुलगीही शिकून नोकरीत स्थिरावते. डॉक्टर मुलीचं एमडी होईपर्यंतच ती 28-29 ची झालेली असते.

दुसरी काळजी मुलाबाळांची, आणि ती खरी आहे. पस्तिशीनंतर दिवस राहणं अवघड होत जातं. पण तिशीच्या मुलीला नुसत्या आकड्यावरून नकार देऊन तुम्ही आणखी दोन-तीन वर्षं शोधत राहता, तेव्हा तुमच्या मुलाचंही वय वाढतंच, आणि त्याच्या वयाचाही मूल होण्याशी संबंध असतो.

‘मुलगी मोठी आहे’ म्हणून परत केलेल्या स्थळांत कितीदा तरी दोन-तीन महिन्यांचाच फरक असतो. तिचा जन्म जानेवारीचा, त्याचा त्याच वर्षीच्या एप्रिलचा. फेब्रुवारीत अर्ज चाळले तर ती 31, तो 30. मे महिन्यात दोघंही 31! म्हणून वय बघू नका, जन्मतारखा शेजारी ठेवून वाचा.

त्या मुलाला मी शेवटी एकट्याला विचारलं. तो म्हणाला, “समवयस्क चालेल, मला कुणी विचारलंच नाही.” आईंनी 29 खोडून 33 केलं. वडील अजून ‘नातेवाईक काय म्हणतील’ म्हणतात. पण महिनाभरात तीन घरांतून फोन आले, त्यातली एक मुलगी 32 ची आहे, आणि तिला भेटायला ते तिघंही गेले.