हॅशटॅग लावलेला फोटो कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो. स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी ग्राहकांच्या फोटोस्पर्धा भरवते. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी गाळे आहेत. तिथले लहान कारखानदार हल्ली मला विचारतात, "ताई, एक हॅशटॅग काढायचा, लोकांनी बाटलीबरोबर फोटो टाकायचे आणि चांगल्या फोटोला बक्षीस द्यायचं. आणखी काय लागतं?" लागतं बरंच काही, आणि ते स्पर्धा जाहीर होण्याआधी लागतं. म्हणून आज एकच फोटो धरून ग्राहकाच्या मोबाइलपासून दुकानातल्या पोस्टरपर्यंत जाऊ या.

समजा, दादरच्या एक बाई मुलाला घेऊन रोज शिवाजी पार्कला क्रिकेटच्या सरावाला जातात. मुलगा किटबॅगवर बसून बाटली तोंडाला लावून पाणी पितोय, मागे नेट्स, उन्हं कलती झालेली. सोबत आलेल्या मावशीने फोटो काढला, बाईंनी इन्स्टाग्रामवर टाकला आणि आमचा हॅशटॅग लावला.

हा फोटो आमच्यापर्यंत पोचेल का, हा पहिला प्रश्न. बाईंचं खातं खाजगी असेल, तर हॅशटॅग कितीही अचूक असू दे, आम्हाला तो फोटो दिसणार नाही. त्यांनी तो स्टोरीत टाकला असेल, तर 24 तासांनी तो गेला. आणि हॅशटॅगच्या पानावर सगळे फोटो ओळीने मिळतील, असं तर मुळीच धरू नका. इन्स्टाग्राम तिथे काय दाखवायचं ते स्वतः ठरवतं. म्हणून नियमात तीन गोष्टी हव्यात: खातं सार्वजनिक हवं, फोटो पोस्टमध्ये हवा आणि मजकुरात हॅशटॅगबरोबर कंपनीच्या खात्याचाही उल्लेख हवा. उल्लेख झाला की आम्हाला सूचना येते. मी ती रोज संध्याकाळी उघडते आणि पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख वहीत नोंदवते. प्रवेशिकांची मोजणी या वहीतून होते.

हॅशटॅगच्या स्पेलिंगचंही सांगते. मराठी शब्द रोमन लिपीत आपण सगळे एकसारखे लिहीत नाही. `#MajhiBatli` जाहीर केलात, तर कोणी `#MaziBatli` लिहील, कोणी `#MaajhiBatli`, आणि प्रवेशिका तीन ठिकाणी विखुरतील. दुकानात किंवा रेडिओवर नुसता ऐकून लिहिणाऱ्याचं तर असं हमखास होतं. ज्याचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने सुचतं, असा शब्द घ्या, जसं `Sobat`, आणि त्याच्या आधी कंपनीचं नाव जोडा. नुसतं `#SteelBottle` घेतलंत, तर जगभरच्या बाटल्यांत तुमचे ग्राहक हरवून जातील. मध्ये जागा सोडू नका, जोडरेघ घालू नका, नाहीतर हॅशटॅग तिथेच तुटतो.

आता आपला फोटो पोचला आणि परीक्षकांना आवडला. इथे बहुतेक कंपन्या घाई करतात. फोटो उतरवून घेतात, वर लोगो टाकतात आणि जाहिरातीत लावून मोकळ्या होतात. पण तो फोटो कोणाचा? आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा फोटोचा मालक तो काढणारा. म्हणजे मालकी ना बाईंची, ना त्यांच्या मुलाची, मालकी मावशीची! बाटली आमची आहे म्हणून फोटो आमचा होत नाही. आणि फोटो वापरण्याचा परवाना लेखी लागतो, हॅशटॅग लावला म्हणजे तो दिला असं समजणं धोक्याचं आहे.

म्हणून निवडलेल्या प्रत्येक फोटोसाठी मी असा निरोप पाठवते: "नमस्कार, आपला फोटो आम्हाला आवडला. तो कोणी काढला आहे? आमच्या वेबसाइटवर, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि दुकानातल्या पोस्टरवर, भारतात, एक वर्षासाठी तो वापरायची परवानगी फोटो काढणाऱ्यांकडून हवी आहे. फोटोखाली त्यांचं नाव देऊ." हा निरोप जरा लांब वाटेल, पण त्यातला एकही शब्द काढू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. दुबईच्या व्यापाऱ्याला तोच फोटो छापायला द्यायचा असेल, तर ते आधीच लिहायला हवं. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट वहीतल्या नोंदीला जोडून ठेवायचा.

आपल्या फोटोत मुलगा आहे, तोही 18च्या आतला. त्याच्यासाठी आईची वेगळी लेखी संमती घ्या. मागे नेट्समध्ये दुसऱ्यांची मुलं ओळखू येत असतील, तर तेवढा भाग कापा, नाहीतर तो फोटो जाहिरातीला घेऊ नका. आणि बाटलीकडे नीट बघा. चकचकीत स्टीलमध्ये समोरचं सगळं उमटतं: फोटो काढणाऱ्या मावशी, उभी गाडी, कधी दारावरची नावाची पाटीही. मॅट रंगाच्या बाटलीवर हे फारसं दिसत नाही. मी प्रत्येक फोटो मोठा करून बाटलीचं अंग न्याहाळते आणि तिथे खाजगी काही दिसलं, तर ग्राहकाला कळवते.

मग मूळ फाइल मागायची. इन्स्टाग्रामवरचा फोटो साधारण 1080 पिक्सेल रुंद असतो. छपाईला इंचामागे 300 पिक्सेल धरले, तर तो साडेतीन इंचांपुरताच स्वच्छ येतो आणि पोस्टरवर फाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. त्याच वेळी आधीचे नि नंतरचे एक-दोन फोटोही मागा. स्वतः काढणाऱ्याकडे ते बहुतेक वेळा असतात, इंटरनेटवरून उचलणाऱ्याकडे नसतात.

विजेता लाइक्सवरून ठरवू नका, असं मी आग्रहाने सांगते. लाइक्स विकत मिळतात, आणि मोठ्या ग्रुपवाला माणूस साध्या फोटोवर जिंकतो. परीक्षक नेमा, निकष आधी जाहीर करा. सोडत तर नकोच, लॉटरीचे कायदे आडवे येतात. विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धांवर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचीही नजर आहे, तेव्हा नियमावली एकदा वकिलाला दाखवून घ्या. या स्पर्धेशी इन्स्टाग्रामचा काही संबंध नाही, हे वाक्यही त्यात हवं, तशी इन्स्टाग्रामची अट आहे.

निकषांत 'थरारक' हा शब्द कधीही नको. मुंबईत थरारक म्हणजे लोकलचं दार किंवा भरतीच्या वेळचे खडक. 2016 साली वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी घेताना एक मुलगी समुद्रात पडून बुडाली, आणि त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या सेल्फीसाठी धोक्याच्या जागा ठरवल्या. बाटलीच्या बक्षिसासाठी कोणी फूटबोर्डवर लटकता कामा नये. असा फोटो बाद होईल, हे नियमांत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहा, आणि आला तर खरंच बाद करा, मग तो कितीही सुंदर असो.

राहिला निकाल. स्पर्धा जिथे जाहीर केली, तिथेच तोही जाहीर करा. तो दडवून ठेवणं कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. बक्षीस 10 हजार रुपयांच्या वर जात असेल, तर ते देण्याआधी कराचं आपल्या सीएला विचारा. आपल्या शिवाजी पार्कच्या फोटोला बाटल्यांचा एक संच गेला, तर पार्सलवर नाव मावशींचं घाला, आणि पोस्टरवर फोटोखालीही त्यांचंच.