पाणी उकळत नाहीये, मग हा धूर कसला?

[तळं, पहाट. कॅमेरा पाण्याच्या पातळीला.]

सकाळचे पावणेसात. हे तळं बघा, आख्खंच्या आख्खं धुमसतंय असं वाटतं ना? खाली कुणी जाळ लावलेला नाही की कुठला गरम पाण्याचा झरा नाही. आम्ही थर्मामीटर बुडवला तर पाणी भरलं २० अंश, म्हणजे हात घातला तर थंडच लागतं. काठावरची हवा मात्र ५ अंश. धूर निघायला एवढा फरक पुरतो. पाणी 'गरम' असायला लागत नाही, हवेपेक्षा बऱ्यापैकी गरम असलं की झालं.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच क्लिअर करू, कारण यावरूनच सगळा घोळ होतो. हा जो पांढरा धूर दिसतोय ती वाफ नाही. वाफ दिसतच नाही.

[क्लोजअप: किटलीची चोच.]

हे नीट बघा, पाणी खळखळ उकळतंय आणि चोचीच्या तोंडापाशी बोटभर जागा एकदम मोकळी आहे, आरपार दिसतं. खरी वाफ ती, तिथे आहे आणि दिसत नाहीये (तिथे बोट अजिबात घालू नका, सगळ्यात जास्त भाजतं ते तिथेच). पांढरं सुरू होतं त्याच्या पुढे, जिथे तिला बाहेरची गार हवा भेटते. तो पांढरा भाग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, इतके बारीक की शंभरेक थेंब ओळीने लावले तर जेमतेम मिलिमीटर भरेल.

तळ्यावरही हेच चाललंय, फक्त हळू.

[पुन्हा तळं. पाण्यावरून सरकणारे पुंजके.]

सगळीकडे एका ओळीत उत्तर मिळतं, 'वाफ गार झाली म्हणून धुकं झालं.' चुकीचं नाही ते, पण अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भागच जास्त मजेदार आहे म्हणून आम्ही त्यावर जरा वेळ घालवणार आहोत. कारण बघा, पाण्यावरची उबदार हवा गार होते हे खरं, पण त्याच वेळी ती कोरड्या हवेत मिसळून पातळ पण होते ना. मग वाफ कमीच पडायला पाहिजे. तरी थेंब का बनतात?

हिशोब करून बघू, सोपा आहे. पाण्याला अगदी चिकटून जी हवा आहे ती पण २० अंशांची, आणि वाफेने गच्च भरलेली. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम वाफ मावते, त्या हवेत तेवढी आहे. वरच्या ५ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त ६.८ ग्रॅम मावते. पहाटेची हवा दमट असते, ९० टक्के धरू, म्हणजे तिच्यात झाली ६.१ ग्रॅम. आता या दोन हवा निम्म्या-निम्म्या मिसळल्या. तापमान आलं मध्ये, साडेबारा अंश. वाफ पण मध्ये, ११.७ ग्रॅम. पण साडेबारा अंशांना मावते फक्त ११ ग्रॅम!

०.७ ग्रॅम जास्तीची झाली. तिला वाफ म्हणून राहायला जागाच नाही, मग ती थेंब होऊन बाहेर पडते.

गंमत लक्षात आली का, दोन्ही हवा आपापल्या जागी स्वच्छ होत्या, आरपार दिसणाऱ्या, एकीतही धुकं नव्हतं. धुकं जन्मलं ते दोघींच्या मिसळण्यातून. कारण तापमान वाढतं तशी मावणारी वाफ सरळ रेषेत वाढत नाही, वर वर जाताना जास्त जास्त वेगाने वाढते. त्यामुळे मधल्या तापमानाची मर्यादा नेहमी दोन टोकांच्या सरासरीपेक्षा कमीच भरते. मिसळलेल्या हवेतून पाणी बाहेर पडू शकतं ही कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी १७८४ मध्येच मांडली होती. ते पाऊस समजावत होते, आणि पावसासाठी ती काही पुरी पडली नाही, पण या तळ्याला चपखल बसते. थंडीत तोंडातून निघणारा धूर आणि विमानामागची पांढरी रेघ, त्यांचं पण गणित हेच.

(प्रत्यक्षात पूर्ण ०.७ ग्रॅम बाहेर पडत नाही. वाफेचे थेंब होताना उष्णता सुटते, हवा थोडी तापते आणि तिची मर्यादा पण थोडी वर सरकते, त्यामुळे साधारण निम्मंच पाणी थेंबांत येतं. तरी घनमीटरमागे एवढं पाणी म्हणजे चांगलं दाट धुकं.)

आता हाच हिशोब कोरड्या हवेने करा. तापमानं तीच, फक्त वरची हवा ५० टक्के दमट. तिच्यात वाफ ३.४ ग्रॅम, निम्म्या-निम्म्या मिश्रणात १०.३ च्या आसपास, आणि मर्यादा ११. थेंब नाहीत. फार तर पाण्याला चिकटून पुसटसं काहीतरी. म्हणून तेवढीच कडक थंडी असून एखाद्या सकाळी तळं धुमसतं आणि एखाद्या सकाळी नुसतं गप्प पडून असतं.

[क्लोजअप: कोमट पाण्याचा पेला, शेजारी विझलेली काडी.]

हा शॉट आम्हाला चार टेकमध्ये मिळाला. पेल्यातल्या पाण्यावर आधी विरळ धूर आहे, मग नुकती विझवलेली काडी जवळ आणली आणि एकदम दाट झाला, बघा. हा काडीचा धूर नाही, काडी बाजूला केली तरी थोडा वेळ तसाच राहतो. थेंबाला बसायला काहीतरी कण लागतो, धूळ, काजळी, मीठ, काहीही. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त आणि बारीक थेंबांत वाटलं जातं, आणि जास्त पांढरं दिसतं.

[ड्रोन शॉट. धुराचे खांब.]

वरून बघितलं की कळतं, हे जमिनीवरच्या धुक्यासारखं पसरून बसलेलं नाही. तिथे जमीन गार, म्हणून हवा निपचित पडून राहते. इथे खालून ऊब मिळतेय, हवा हलकी होऊन वर उठते, म्हणून हे दोरे, खांब, आणि तो मधला बघा, चक्क गिरकी घेतोय. दोनेक मीटर वर गेला की आणखी कोरड्या हवेत मिसळतो आणि विरतो. म्हणजे मिसळल्यामुळेच बनतो आणि जास्त मिसळला की संपतो. जोराचा वारा सुटला तर म्हणूनच काही दिसत नाही, हलकी झुळूक हवी.

ती गार हवा येते कुठून? रात्रभर आजूबाजूचे उतार थंड होतात, त्यांना टेकलेली जड हवा घरंगळत सखल जागेत येते, म्हणजे नेमकी तळ्यावर, नदीच्या पात्रात. ते रात्री घडतं, आमच्याकडे त्याचं शूट नाही. आणि पाणी गार होऊन धूर थांबत का नाही, तर वरचा गार झालेला थर जड होऊन बुडतो आणि खालचं उबदार पाणी वर येतं, पाणी ४ अंशांवर येईपर्यंत हे चालू शकतं. नदीत तर प्रवाहच पाणी ढवळत असतो.

हो, पुलावरून गाडी नेणाऱ्यांसाठी एक, स्वच्छ रस्ता आणि अचानक पात्रावर पांढरी भिंत असं होऊ शकतं, तेव्हा स्पीड आधीच कमी करा.

[सूर्य वर येतो. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज. १५ सेकंद.]

साडेआठ. हवा १३ अंश, पाणी अजून जवळजवळ २०. दोरे आता वरच्या टोकाकडून तुटत चाललेत, सावलीतल्या त्या कोपऱ्यात तेवढा थोडा धूर शिल्लक आहे. वाफ अजूनही निघतेच आहे, तळ्याच्या सगळ्या पृष्ठभागावरून. कॅमेऱ्याला ती दिसत नाही.