शिंगाडा, 'नट' आणि तुपातले काजू

नमस्कार, श्रोतेहो.

महाशिवरात्रीच्या दुपारी ताईचा फोन आला. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला काजूची अॅलर्जी आहे. चार वर्षांचा असताना काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला आणि ओठ टम्म सुजले, तेव्हापासून घरात काजू नाही आणि पिस्ताही नाही. त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे उपवासाचा फराळ होता. त्यानं वाटीभर शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खाल्ला. वीस मिनिटांत ओठांना खाज सुटली, मग मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांकडे नेलं, औषध दिलं, तासाभरात उतरलं. पण तोवर काकूंच्या ओट्यावर निकाल लागलेला होता. कुणीतरी म्हणालं, "शिंगाडा म्हणजे वॉटर चेस्टनट ना? मग नटच की तो!" आणि शिंगाडा त्या घरातून हद्दपार झाला.

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे असे निकाल माझ्याकडे अपिलात येतात. हे प्रकरण घरचंच होतं, म्हणून जरा खोलात गेले.

आधी शिंगाडा पाहू. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत तो मुबलक पिकतो. पाण्यावर पानांचा चक्राकार झुबका तरंगतो, प्रत्येक पानाचा देठ मधोमध फुगलेला आणि आत हवा. फूल पांढरं, छोटंसं. फळ मात्र धरतं ते पाण्याखाली, आणि त्याला दोन बाजूंना शिंगं येतात. ही शिंगं म्हणजे फुलाखालची जी हिरवी दलं असतात, तीच वाढून कडक झालेली. उकडलेला शिंगाडा सोलला की आत जो पांढरा गर मिळतो, तो म्हणजे बी. आणि त्या बीची एक गंमत आहे. हरभऱ्याच्या दोन डाळी सारख्या असतात. शिंगाड्यात एक डाळ भलीमोठी, पिठूळ, आणि दुसरी इतकी चिमुकली की खवल्यासारखी दिसते. आपण खातो ती थोरली डाळ.

याचे भाऊबंद कोण, हे ऐकून आमच्या ताईनं फोनवरच "काय सांगतेस!" म्हटलं होतं. डाळिंब, मेंदी, आणि आपलं राज्यफूल तामण. ही सगळी एकाच कुळातली मंडळी. काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड यांपैकी एकही या कुळात नाही.

मग तो नट आहे की नाही? वनस्पतिशास्त्रात नट म्हणजे कडक कवचाचं, एकच बी असलेलं, पिकल्यावर आपोआप न उकलणारं कोरडं फळ. हा मापदंड लावला तर शिंगाडा बऱ्यापैकी नटच्या जवळ जातो, आणि काही पुस्तकं त्याच्या फळाला तसं म्हणतातही. उलट बदाम या व्याख्येत बसत नाही, कारण तो आंब्यासारख्या आठळीतला गर आहे. काजूही खरा नट नव्हे, पिस्ताही नव्हे. म्हणजे ज्यांनी माणसं आजारी पडतात ते शास्त्रानं नट नाहीत, आणि जो शास्त्रानं नटच्या जवळचा, त्याच्यावर काकूंकडे खटला भरला होता! शरीर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक वाचत नाही. अॅलर्जीच्या यादीत 'ट्री नट' हा शब्द येतो तो केवळ सोयीचा. त्यात ठराविक झाडांची बियाणं मोडतात आणि शिंगाडा त्यांत धरत नाहीत. आपल्याकडे तर मुळात हा घोळ नव्हताच. मराठीत आपण सुकामेवा म्हणतो, त्यात मनुका आणि खारीकही येतात, आणि शिंगाडा कुणी त्यात घालत नाही. घोळ इंग्रजी नावासोबत आला.

त्या इंग्रजी नावात आणखी एक जण दडलेला आहे. चायनीज जेवणात पांढऱ्या, कुरकुरीत चकत्या येतात, डब्यातल्या. त्यांनाही वॉटर चेस्टनटच म्हणतात, पण तो शिंगाडा नव्हे. ती लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातली पाणवनस्पती आहे आणि आपण खातो तो तिचा चिखलातला कंद. तिथे फळ नाही, बी नाही, म्हणजे नट असण्याचा प्रश्नच नाही. शिजवूनही तो कुरकुरीत राहतो, म्हणून खाणाऱ्याला दाण्यासारखा वाटतो, इतकंच.

आता अॅलर्जी. ती होते प्रथिनांमुळे. झाड आपल्या बीत पुढच्या रोपासाठी प्रथिनं साठवून ठेवतं, आणि काजूतली अशी साठवणीची काही प्रथिनं फार चिवट असतात. भाजली तरी टिकतात, पोटातल्या आम्लालाही सहज दाद देत नाहीत. ज्याला अॅलर्जी असते त्याच्या शरीरात त्या प्रथिनाला ओळखणारी आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार असतात. ती ओळख प्रथिनाच्या आकारावर चालते. काजू आणि पिस्ता एका कुळातले, प्रथिनं जवळपास सारखी, म्हणून एकाची अॅलर्जी असणाऱ्याला बहुधा दुसराही चालत नाही. अक्रोड आणि पेकान यांचंही तसंच. शिंगाडा या नात्यागोत्यात कुठेच नाही. काजूची अॅलर्जी आहे एवढ्यावरून शिंगाडा बंद करण्याचं कारण उरत नाही. अर्थात कुठल्याही खाद्याची अॅलर्जी कुणाला तरी होऊ शकते, शिंगाड्याचीसुद्धा. पण ती मग शिंगाड्याची म्हणून तपासायची.

मग भाच्याला झालं काय? मी काकूंना फोन केला आणि शिऱ्याची कृती विचारली. पहिलं उत्तर, "त्याच्या वाटीत एकही काजू नव्हता गं, मी मुद्दाम वेगळी काढली होती." खरंच होतं ते. मी म्हटलं, "काकू, अगदी पहिल्यापासून सांगा, कढई चुलीवर ठेवल्यापासून." त्या सांगू लागल्या. तूप तापवलं, त्यात काजू गुलाबी तळून बाजूला काढले, आणि त्याच तुपात पीठ भाजायला घेतलं.

तिथेच उत्तर होतं. काजू तळताना त्यांची भुकटी आणि सूक्ष्म कण तुपात उतरतात, आणि ते तूप पिठात पूर्ण मुरतं. वर सजवलेले काजू वेचून काढले तरी आतला काजू राहतोच. शिवाय शिऱ्यावर चारोळी होती, आणि चारोळीचं झाड काजूच्याच कुळातलं आहे, हे फार कमी घरांत माहीत असतं. चारोळी काजूसारखी दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. काजूची अॅलर्जी असलेल्याच्या पानात चारोळी वाढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, तोवर ती बाजूलाच असलेली बरी.

संशय तूप आणि चारोळीवर गेला, तरी शिंगाडा निर्दोष ठरला असं मी म्हणू शकत नव्हते. त्यासाठी ताई त्याला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. इथे एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवली होती, की दुकानातलं सुटं पीठ नेऊ नकोस. एका चक्कीवर शिंगाडा, राजगिरा, शेंगदाणे, बदाम सगळं दळलं जातं. त्या पिठानं तपासणी केली आणि पुरळ आलं, तर दोष कुणाचा? ताईनं अख्खे वाळलेले शिंगाडे आणले, मिक्सरचं भांडं, झाकण आणि झाकणाची रबरी रिंग सगळं घासून धुतलं आणि घरीच पीठ केलं.

डॉक्टरांनी त्या पिठाचं ओलं मिश्रण हातावर ठेवून सुईनं अगदी हलकं टोचलं. शेजारी दोन खुणा आणखी होत्या, एक साध्या मिठाच्या पाण्याची आणि एक हिस्टामिनची, म्हणजे अॅलर्जीत गांधी उठवणाऱ्या रसायनाची. पाण्यावर फोड यायला नको, हिस्टामिनवर यायलाच हवा. तसं झालं तरच तपासणी खरी. यासाठी खाजेची गोळी काही दिवस आधी बंद ठेवावी लागते, नाहीतर कुठेच फोड येत नाही आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. पंधरा मिनिटांनी हिस्टामिनची गांधी ठळक होती, शिंगाड्याच्या जागी काहीच नव्हतं.

तरी डॉक्टर तिथे थांबले नाहीत. आणखी एक दिवस ठरवला आणि दवाखान्यातच, अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून, शिंगाड्याची नुसती लापशी खायला दिली. आधी चमच्याच्या टोकावर, मग अर्ध्या अर्ध्या तासानं वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. शेवटच्या घासानंतर दोन तास बसवून ठेवलं. मुलगा कंटाळला, बाकी काही झालं नाही. हे घरी करून बघू नका. गांधींसोबत श्वास लागला, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघण्यात वेळ घालवायचा नसतो. डॉक्टरांनी दिलेलं अॅड्रेनालिन असेल तर ते टोचायचं आणि रुग्णालय गाठायचं.

परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक सांगते. उपवासाचं म्हणून दुकानात पीठ घ्याल तेव्हा पाकिटावर सिंघाडा किंवा वॉटर चेस्टनट असं आहे ना, ते नीट वाचा. नुसतं चेस्टनट फ्लोअर असेल तर ते झाडावरच्या खऱ्या चेस्टनटचं पीठ, ती वस्तू पूर्ण वेगळी. आणि इथे, उत्तर भारतीय दुकानांत शिंगाड्याशेजारी कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं पीठ असतं. कुट्टूची अॅलर्जी ही स्वतंत्र आणि कधीकधी तीव्र असते, तेव्हा पिठं मिसळलेली पाकिटं उचलू नका. शेंगदाणे शेंगवर्गातले, म्हणून ते ट्री नट नव्हेत, पण काही जणांना दोन्हींची अॅलर्जी असते, आणि आपल्या उपवासात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? शिंगाड्याच्या थालीपिठातही ते हमखास असतं.

ताजे शिंगाडे आणलेत तर दातांनी सोलू नका. तलावातल्या सालीवर आतड्यातल्या एका चपट्या कृमीची पिल्लं चिकटलेली असू शकतात. धुवा, उकडा, मग सोला.

आषाढी एकादशीला काकूंनी पुन्हा शिरा केला. या वेळी कढई नवी, तूप नवं, पीठ ताईकडचं. काजू तळायचे होतेच, ते शेजारच्या शेगडीवर, वेगळ्या कढईत, आणि शिरा वाढून झाल्यावर. भाच्यानं वाटी संपवली आणि विचारलं, "मावशी, डाळिंब आणि शिंगाडा भाऊ आहेत, मग शिऱ्यावर डाळिंबाचे दाणे घातले तर चालतील?" काकूंनी लगेच घातले. शिरा लालसर दिसत होता आणि चवीला, खरं सांगते, ठीकठाकच होता.

नमस्कार.