मीनाच्या तीन प्रती

(दृश्य: व्हिटबी. दगडी पायऱ्या, वर चर्च, खाली बंदर.)

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे व्हिटबी. या १९९ पायऱ्या चढून गेलं की सेंट मेरी चर्चच्या आवारातली थडगी लागतात. १८९० च्या उन्हाळ्यात ब्रॅम स्टोकर या गावात मुक्कामाला होता. १८९७ मध्ये त्याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली. तिच्यातली मीना याच आवारातल्या बाकावर बसून डायरी लिहिते.

तिचं लग्न जोनाथनशी ठरलंय. कामासाठी परदेशी गेलेल्या जोनाथनचं तिला एका ओळीचं पत्र मिळालंय : घरी यायला निघतोय. मीना ते पुन्हापुन्हा वाचते आणि डायरीत लिहिते की अक्षर त्याचंच आहे, त्यात शंका नाही, पण पत्र त्याच्यासारखं वाटत नाही.

तिची शंका बरोबर आहे, हे आपल्याला आधीच माहीत असतं. कारण जोनाथनची डायरी आपण वाचलेली असते.

(दृश्य: दिव्याच्या उजेडात कागद, दौत, लिहिणारा हात.)

१९ मेची नोंद. जोनाथन ज्याच्या वाड्यात अडकलाय, त्या काउंट ड्रॅक्युलाने त्याच्याकडून तीन पत्रं लिहून घेतलीत. पहिल्यात काम संपत आलंय, दुसऱ्यात उद्या निघतोय, तिसऱ्यात वाडा सोडून पुढच्या गावी पोचलोय. तारखाही काउंटनेच सांगितल्या : १२ जून, १९ जून, २९ जून. त्या लिहिताना जोनाथनला कळून चुकतं की आपले किती दिवस उरलेत. तिन्ही पत्रं त्याच्याच हातची, आणि तिन्ही खोटी.

मग तो चोरून मीनाला एक खरं पत्र लिहितो, शॉर्टहँडमध्ये. ते काउंटच्याच हाती पडतं. त्या खुणा त्याला वाचता येत नाहीत. पत्रावर सही नाही, तेव्हा त्याचं काही महत्त्व नाही, असं म्हणून तो ते दिव्यावर धरतो.

(दृश्य: शॉर्टहँडच्या रेघा, अगदी जवळून.)

पत्र दुसऱ्याच्या हातातून जातं, म्हणून ते अडवता येतं, वाकवता येतं. ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिणाऱ्याच्या घरी खरंच क्षेम आहे का, हे पत्रावरून कुठे कळतं! डायरी मात्र जोनाथनच्या खिशातच राहते. वाड्यातल्या तीन स्त्रियांबद्दल वाटलेली ओढ तो तिच्यात लिहितो. आणि तिथेच पुढे लिहितो की हे कधी मीनाच्या नजरेला पडलं तर तिला दुःख होईल, पण खरं आहे ते हेच. कुणासाठी नसलेल्या डायरीतही एक वाचक बसलेला असतो. त्याची भीती वाटत असूनही हा माणूस लिहितो, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो.

(दृश्य: फोनोग्राफ. मेणाची नळी फिरते. मग टाइपरायटरच्या कळा.)

कादंबरीतलेच डॉक्टर स्यूअर्ड डायरी लिहीत नाहीत, बोलतात. हे यंत्र त्यांचा आवाज मेणावर कोरतं. त्यात नेमकी एखादी नोंद हवी असली तर ती शोधायची कशी, हे त्यांनाच माहीत नाही! मीना सगळ्या नळ्या ऐकते आणि टाइप करते. ती त्यांना सांगते की तुमच्या आवाजातून तुमच्या मनाची तडफड ऐकू आली. आता शब्द उतरवलेत, यापुढे कुणाला तुमच्या काळजाचे ठोके ऐकावे लागणार नाहीत.

हे ती मायेपोटी करते. पण ज्यामुळे तो माणूस इतका जवळचा वाटत होता, तेच कागदावर येत नाही.

ती कार्बन लावून तीन प्रती काढते. जोनाथनची डायरी, मैत्रीण ल्यूसीची पत्रं, स्वतःची डायरी, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं तारखेनुसार लावते. कुणाकडे काय माहिती होती हे कागद शेजारी-शेजारी ठेवल्यावरच दिसतं, आणि ते ठेवणारी मीना आहे. काउंटला शोधायला निघालेले पुरुष तिच्या टाइप केलेल्या पानांवरून निघतात. या जुळणीत काउंटच्या स्वतःच्या बाजूची डायरी नाही. तो आपल्याला दिसतो तो इतरांच्याच नोंदींमधून.

(दृश्य: शेकोटी. कागद पेटतो, मेण वितळतं.)

एका रात्री काउंट मूळ हस्तलिखितं आणि नळ्या आगीत टाकतो. मेणाने ज्वाळा आणखी भडकतात. एक प्रत तिजोरीत असते, ती बचावते. पुढे पाठलाग होतो, काउंट मरतो.

(दृश्य: टाइप केलेल्या पानांची चळत. वरचं पान वाऱ्याने हलतं.)

सात वर्षांनी जोनाथन ही चळत पुन्हा काढतो. त्याच्या लक्षात येतं की शेवटच्या काही वह्या आणि एक टिपण सोडलं, तर अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ उरलेलाच नाही. जे आहे ते सगळं टाइप केलेलं. पुरावा म्हणून हे कुणापुढे ठेवता येणार नाही, हे तो स्वतःच लिहून ठेवतो.