हप्ता लिटरमध्ये मोजा

श्रोतेहो, नमस्कार. पाच गाईंचा गोठा कर्ज काढून उभा करायचा असेल, तर आज पैशाची भाषा थोडी बाजूला ठेवू. सगळा हिशोब दुधाच्या लिटरमध्ये करू. दुधाचा भाव हलत राहतो, पण गाय किती देणार याचा अंदाज तुम्हाला असतो.

समजा, एक गाय दोन हजार लिटर दुधाच्या किमतीला मिळते. पाच गाई म्हणजे दहा हजार लिटर. साधा गोठा तीन हजार लिटरचा. कडबाकुट्टी, कॅन, विमा आणि पहिल्या महिन्याची पेंड मिळून एक हजार. झाले चौदा हजार. त्यातले दोन हजार आपल्या पदरचे घातले, तर कर्ज बारा हजार लिटरचे. पाच वर्षांची मुदत आणि अकरा टक्के व्याज धरले, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६० लिटर. म्हणजे रोजचे नऊ लिटर दूध बँकेचे.

आता एका ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतो. नाव नको. भला माणूस, गुरांची पारख चांगली. कर्ज मंजूर झाले आणि गड्याने एकाच आठवड्यात पाचही गाई आणल्या. सगळ्या ताज्या व्यालेल्या. रोज सत्तर लिटर दूध! कर्ज देताना बँकेच्या साहेबांनी विचारले होते, "दूध कुठल्या महिन्यात नसेल?" हा हसला. म्हणाला, "साहेब, पाच गाई असताना दूध नसेल कसे?" पहिले चार महिने हप्ता वेळेआधी जायचा. वरचे पैसे गोठ्याला लागले. भिंतींना फरशी, वर पंखे, दाराला कमान. (मला विचाराल तर गोठ्याला कमान हवी कशाला? गाय काही वर बघून आत येत नाही. आजकाल तर गाईपेक्षा गोठ्याचेच फोटो जास्त निघतात.)

व्यायल्यावर तिसऱ्या महिन्यात पाचही गाई भरल्या, पाचही गाभण राहिल्या. घरात आनंद. पण पाचही एकदम गाभण म्हणजे पाचही एकदम आटणार! व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवावी लागते, नाहीतर पुढच्या वेताचे दूध बसते. आठव्या महिन्यात सत्तरचे पस्तीस झाले. दहावा महिना संपता संपता कॅन रिकामा. खाणारी तोंडे मात्र पाचच होती, आणि हप्ताही तेवढाच. त्याच्या आईने विचारले, "अरे, साहेबांनी विचारलेला महिना हाच का रे?" शेवटी त्याने एक गाभण गाय विकली, तीही घाईत, पडत्या भावात. दोन महिने थांबता आले असते, तर तीच गाय व्यायली असती आणि दूध देऊ लागली असती.

म्हणून सांगतो, गाई दोन टप्प्यांत घ्या. आधी तीन, मग पाच-सहा महिन्यांनी दोन. कर्ज मागतानाच बँकेला सांगा की रक्कम दोन टप्प्यांत द्या. मग दुसऱ्या भागाचे व्याज तो भाग उचलल्यावरच सुरू होते. पहिल्या तीन आटतील तेव्हा उरलेल्या दोघी वीसेक लिटर देतील. त्यात पाचही जनावरांची वैरण निघेल, हप्ता पूर्ण निघेलच असे नाही. म्हणून भरीच्या महिन्यांत दोन हप्ते बाजूला काढा. दोन टप्पे आणि दोन हप्ते, एवढे लक्षात ठेवा.

वर्षाची सरासरी पाहू. गाय वेतात रोज सरासरी दहा लिटर देते असे धरा. दूध दहा महिने, पण दोन वेतांमधले अंतर प्रत्यक्षात चौदा महिन्यांवर जातेच. म्हणजे पाचांपैकी दुधात साडेतीनच, रोजचे पस्तीस लिटर. त्यातले दोन तृतीयांश चारा, पेंड आणि औषधांत जातात. उरले बारा. नऊ बँकेचे, तीन घरचे. गाय एक महिना उशिरा गाभण राहिली, तर मार याच तीन लिटरांवर बसतो. चारा स्वतःच्या शेतातला असेल, तर हे तीन वाढतात. सगळाच विकत आणायचा असेल, तर पाचाऐवजी तीनच गाईंचे कर्ज घ्या.

गोठ्याबद्दल थोडक्यात. गोठा दूध देत नाही, म्हणून त्याला कमीत कमी घाला. छप्पर, खडबडीत तळ, उताराची गटार आणि बाहेर मोकळे कुंपण एवढे पुरे.

आणि गाय घेताना तीन धारा समोर काढून मोजा. पहिली धार मोजात धरू नका, कारण विकणारा आदल्या वेळेचे दूध तुंबवून ठेवू शकतो. घेतली त्याच दिवशी विमा आणि कानात बिल्ला. बिल्ला पडला तर लगेच विमावाल्यांना कळवा, बिल्ल्याशिवाय भरपाई अडते. नमस्कार.